परदेशी विद्यापीठासाठी स्टेटमेंट अपलोड करताय? आधी फाइल नीट करा

डिसेंबर जवळ आला की आमच्याकडे माजी विद्यार्थ्यांच्या फाइल्स येऊ लागतात. कुणी अमेरिकेत मास्टर्ससाठी अर्ज करत असतं, कुणी इंग्लंड किंवा जर्मनीसाठी. सोबत एकच मेसेज असतो, "सर, जरा एसओपी बघा ना." एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. मी कोण आहे, काय शिकलो, हाच कोर्स का आणि हेच विद्यापीठ का, हे दीड-दोन पानांत सांगणारा मजकूर. त्यात काय लिहावं यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. पण लिहून झालेला मजकूर फाइल म्हणून कसा द्यावा, याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही फक्त त्याबद्दल लिहितो आहोत.

हा मजकूर वाचणारा माणूस तुमच्यासमोर बसलेला नसतो. तो एखाद्या विभागातला प्राध्यापक असतो. स्वतःची तासिका, स्वतःचं संशोधन सांभाळून तो संध्याकाळी लॅपटॉपवर एकामागोमाग एक अर्ज उघडतो. बऱ्याच विद्यापीठांच्या पोर्टलवर तुमची मार्कशीट, सीव्ही आणि स्टेटमेंट एकत्र जोडून एकच लांब पीडीएफ तयार होते आणि तो ती स्क्रीनवर खाली सरकवत वाचतो. चांगल्या फॉरमॅटबद्दल तो तुम्हाला एकही गुण देणार नाही. पण अक्षर बारीक असलं, ओळी दाटीवाटीनं बसवलेल्या असल्या, मध्येच चौकोनी डबे दिसले, तर मजकुरातून त्याचं लक्ष उडतं. फाइल अशी हवी की ती त्याला जाणवूच नये.

सगळ्यात आधी विद्यापीठाच्या पानावरची सूचना वाचा. तिथे "दोन पानं, सिंगल स्पेस, अकरा पॉइंट किंवा त्याहून मोठा फाँट, एक इंच समास" असं लिहिलेलं असेल तर आमचं म्हणणं बाजूला ठेवा आणि ती सूचना पाळा. एकाच विद्यापीठातले दोन विभागसुद्धा वेगवेगळं मागू शकतात. एकाला पानांची मर्यादा हवी असते, दुसऱ्याला शब्दांची, तिसऱ्याला डबल स्पेस. काही अमेरिकन विद्यापीठं स्टेटमेंट ऑफ पर्पज वेगळं आणि स्वतःच्या जडणघडणीबद्दलचं पर्सनल स्टेटमेंट वेगळं मागतात, आणि दोन्ही अपलोड करायच्या जागा एकाखाली एक असतात. तिथे फाइल्सची अदलाबदल सहज होते. खाली जे सांगतोय ते सूचना गप्प असतील तेव्हासाठी.

अर्जाचा नमुना विसरा

आपल्या मुलांच्या फाइलमध्ये पहिली अडचण फाँटच्याही आधी येते. शाळेत आम्हीच शिक्षकांनी त्यांना अर्ज लिहायला शिकवलेला असतो. प्रति, विषय, आदरणीय महोदय, आणि शेवटी आपला आज्ञाधारक विद्यार्थी, स्थळ, दिनांक, सही. हाच साचा इंग्रजीत उतरतो. `To, The Admission Officer`, मग `Subject`, मग `Respected Sir/Madam`, आणि शेवटी `Yours obediently`. स्टेटमेंट हे पत्र नाही. ते कुणा एका साहेबाला उद्देशून नसतं, त्यामुळे यातलं काहीच लागत नाही. या साच्यात पहिल्या पानाच्या वरच्या आठ-दहा ओळी जातात, आणि वाचणाऱ्याची पहिली नजर पडते ती नेमकी तिथेच.

त्याऐवजी वर दोन किंवा फार तर तीन साध्या ओळी द्या. पहिल्या ओळीत तुमचं नाव, दुसऱ्या ओळीत स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि कोर्सचं नाव, आणि पोर्टलनं अर्ज क्रमांक दिला असेल तर तोही. ही अक्षरं मजकुराएवढ्याच आकाराची असावीत. नाव ठळक केलं तर चालेल, पण वीस पॉइंटमध्ये मधोमध छापू नका. ते लग्नपत्रिकेला शोभतं. फोटो नको, पानाभोवती चौकट नको, विद्यापीठाचा लोगो तर अजिबात नको. काही मुलं कौतुकानं लोगो लावतात, पण ते विद्यापीठाचं अधिकृत चिन्ह आहे, तुमच्या कागदावर ते शोभत नाही.

मजकुराच्या मध्ये उपशीर्षकं द्यावीत का, हा प्रश्न नेहमी येतो. दोन पानांच्या स्टेटमेंटमध्ये आमच्या मते देऊ नयेत. "माझं बालपण", "माझं शिक्षण", "माझं ध्येय" असे तुकडे पाडले की परिच्छेद एकमेकांना जोडून घ्यायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहत नाही आणि मजकूर सीव्हीसारखा वाटू लागतो. मात्र विद्यापीठानं किंवा स्कॉलरशिपवाल्यांनी तीन-चार वेगळे प्रश्न विचारले असतील आणि उत्तरं एकाच फाइलमध्ये मागितली असतील, तर प्रत्येक उत्तरावर त्या प्रश्नाचे दोन-चार शब्द ठळक करून द्या. पीएचडीसाठी चार-पाच पानांचा संशोधनाचा आराखडा असेल, तर तिथेही उपशीर्षकं हवीतच. ती सगळी एकाच आकाराची, एकाच पद्धतीनं ठळक आणि अधोरेखा न मारलेली असावीत. वेबपानाच्या सवयीमुळे अधोरेखित शब्द आता लिंकसारखा दिसतो.

फाँट आणि अक्षराचा आकार

`Times New Roman` बारा पॉइंट, किंवा `Calibri`, `Cambria`, `Arial` यापैकी एक, अकरा पॉइंट. यापुढे विचार करायची गरज नाही. जुन्या वर्डमध्ये फाइल आपोआप `Calibri` मध्ये उघडायची, नव्या वर्डमध्ये `Aptos` येतो, तोही चालतो. फक्त एका फाइलमध्ये एकच फाँट ठेवा. अर्धी फाइल घरच्या लॅपटॉपवर आणि अर्धी सायबर कॅफेत लिहिली, मध्ये मोबाइलवरून चार ओळी चिकटवल्या, की तीन फाँट एकत्र येतात. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही, कारण तो अर्थ वाचत असतो. पहिल्यांदाच फाइल उघडणाऱ्याला मात्र लगेच दिसतं की हा परिच्छेद कुठून तरी उचलून आणलाय. तुम्ही तो स्वतःच लिहिलेला असला तरी.

आकाराचा आकडाही फसवा असतो. बारा पॉइंटचा `Arial` हा बारा पॉइंटच्या `Times New Roman` पेक्षा मोठा दिसतो आणि जास्त जागा घेतो. `Verdana` तर त्याहून रुंद. त्यामुळे दोन पानांत नीट बसलेला मजकूर फाँट बदलला की तिसऱ्या पानावर जातो. म्हणून फाँट आधी ठरवा आणि मग लिहा, उलट करू नका.

ठळक अक्षरं मजकुराच्या आत वापरू नयेत. "कठोर परिश्रम", "नेतृत्वगुण" असे शब्द ठळक केले की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला बोट धरून दाखवलं जातंय. पुस्तकाचं किंवा नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरात द्या, तेवढं पुरे.

आता उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी खास. बऱ्याच मुलांच्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर दोन-तीन कीबोर्ड असतात. उर्दूत टाइप करता करता इंग्रजीकडे वळलं की दोन चुका मागे राहतात. पहिली म्हणजे उर्दूचा उलटा स्वल्पविराम `،` आणि उर्दूची पूर्णविरामाची छोटी रेघ `۔`. इंग्रजी वाक्यात ही चिन्हं तशीच राहिली तर टायपिंगची घाण वाटते. दुसरी चूक जास्त विचित्र दिसते. परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे अशीच राहिलेली असते. मग इंग्रजी शब्द बरोबर दिसतात, पण वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन बसतो आणि कंस उलटे होतात. मुलं तिथे स्पेस देऊन देऊन पूर्णविराम उजवीकडे ढकलत बसतात. तसं करू नका. सगळा मजकूर कॉपी करा, नवी कोरी फाइल उघडा आणि पेस्ट करताना `Keep Text Only` निवडा. दिशा सरळ होते आणि वेगवेगळे फाँटही एकसारखे होतात. तिरपी अक्षरं तेवढी पुन्हा करावी लागतात.

एखाद्या उर्दू किंवा मराठी पुस्तकाचं नाव मूळ लिपीत द्यायचा मोह होतो. इंग्रजी स्टेटमेंटमध्ये ते रोमन अक्षरांत लिहिलेलंच बरं. उर्दू साहित्य किंवा दक्षिण आशियाई अभ्यासासाठी अर्ज असेल आणि मूळ लिपी खरंच हवी असेल, तर युनिकोड फाँटच वापरा. इनपेजमधून किंवा जुन्या मराठी टायपिंग फाँटमधून आणलेली अक्षरं तुमच्या मशीनवर शब्द दिसतात, पण तो फाँट नसलेल्या दुसऱ्याच्या मशीनवर ती निरर्थक खुणांची रांग होते.

समास, ओळी आणि कागदाचा आकार

चारही बाजूंना एक इंच, म्हणजे 2.54 सेंटिमीटर समास ठेवा. वर्डमध्ये `Layout` खालच्या `Margins` मध्ये `Normal` निवडलं की हेच येतं. तिथेच `Narrow` नावाचा अर्ध्या इंचाचा पर्याय आहे आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. मजकूर बसत नाही म्हणून मुलं समास कमी करतात. मग फाँट दहावर आणतात. मग ओळींमधलं अंतरही घटवतात. दोन पानांची अट कागदावर पूर्ण होते, पण पान काळंभोर दिसतं. एक ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात शोधायला डोळ्याला मेहनत करावी लागते, कारण ओळ फार लांब झालेली असते. अट घालणाऱ्याला दोन पानांएवढा मजकूर वाचायचा होता. तुम्ही त्याला तीन पानं दोनात कोंबून दिलीत आणि ते त्याला दिसतं.

ओळींचं अंतर सिंगल सांगितलं असेल तर 1.0 ठेवा. काही सांगितलं नसेल तर 1.15 पर्यंत न्यायला हरकत नाही. परिच्छेदांमध्ये सहा ते आठ पॉइंटची जागा सोडा, किंवा प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आत घ्या. दोन्ही एकदम नको. आणि ही जागा `Paragraph` च्या सेटिंगमधून सोडा, एंटर मारून मारून नको. एंटरनं सोडलेल्या जागा पानाच्या तळाशी गोंधळ करतात आणि शेवटी एखादं कोरं पान तयार होतं. कोरं पान दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी अपलोड व्हायचं राहिलं.

मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा ठेवा. दोन्ही कडा सरळ करायची आपल्याकडे फार हौस आहे, कारण ते छापील पुस्तकासारखं दिसतं. पण पुस्तकात शब्द तोडून ओळी बसवलेल्या असतात. वर्ड तसं आपोआप करत नाही, तो शब्दांमधली जागा ताणतो, आणि लांब इंग्रजी शब्द आला की ओळीत भगदाडं पडतात.

कागदाच्या आकाराकडे तर कुणी बघतच नाही. आपल्याकडे ए-फोर चालतो, 210 बाय 297 मिलिमीटर. अमेरिकेत आणि कॅनडात लेटर आकार चालतो, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे 216 बाय 279 मिलिमीटर. लेटर किंचित रुंद असतो, पण उंचीला जवळजवळ 18 मिलिमीटरनं कमी. बारा पॉइंटच्या साध्या ओळीत हे पानामागे तीन-चार ओळींचं अंतर पडतं. अमेरिकेसाठी अर्ज असेल तर लिहायला बसण्यापूर्वीच `Layout` मध्ये `Size` उघडून `Letter` निवडा. ए-फोरवर दोन पानं काठोकाठ भरून ठेवलीत आणि शेवटच्या रात्री लेटर केलंत, तर काही ओळी तिसऱ्या पानावर जाणार. इंग्लंड, युरोप आणि ऑस्ट्रेलियासाठी ए-फोरच ठेवा.

एका फाइलचं उदाहरण

आमच्या एका माजी विद्यार्थिनीची फाइल सांगतो. पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करण्यासाठी तिनं अमेरिकेत अर्ज केला. सूचना होती दोन पानं, सिंगल स्पेस, अकरा पॉइंटपेक्षा लहान फाँट नको, एक इंच समास. तिची फाइल दोन पानांचीच होती. पण कागद ए-फोर, समास अर्धा इंच, `Calibri` दहा पॉइंट. शब्द मोजले तर सुमारे बाराशे. वर प्रति आणि विषय, खाली स्थळ, दिनांक आणि स्कॅन केलेली सही.

आम्ही कागद लेटर केला, समास एक इंच केला, फाँट अकरा केला. मजकूर तिसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत गेला. मुलगी घाबरली. मग आम्ही प्रति, विषय, अभिवादन, शेवटची नम्र विनंती, स्थळ, दिनांक आणि सही काढली. तिसऱ्या पानावरच्या बऱ्याच ओळी तिथेच गेल्या. उरलेल्या ओळींसाठी फाँटला हात लावला नाही, मजकुराला लावला. पहिला परिच्छेद आरोग्य हीच खरी संपत्ती या अर्थाचा होता, तो पूर्ण काढला. दुसऱ्या परिच्छेदात प्राथमिक आरोग्य केंद्रात केलेल्या कामाची माहिती होती, तीच आता सुरुवात झाली. बारावीचे टक्के मार्कशीटमध्ये होतेच, ते इथून काढले. शेवटी हजाराच्या आसपास शब्द राहिले आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी चार-पाच ओळींची मोकळी जागा. ती मोकळी जागा तशीच राहू दिली. पान भरलंच पाहिजे असा काही नियम नाही.

अंदाज म्हणून लक्षात ठेवा. एक इंच समास आणि बारा पॉइंटचा `Times New Roman` घेतला तर सिंगल स्पेसमध्ये एका पानावर साधारण पाचशे शब्द बसतात, डबल स्पेसमध्ये त्याच्या निम्मे. दोन पानं डबल स्पेस मागितली असतील तर हजार शब्द लिहून नंतर रडण्यात अर्थ नाही, पाचशेच लिहायचे.

वर्ड नको, पीडीएफ द्या

पोर्टल वर्डची फाइल स्वीकारत असलं तरी पीडीएफच द्या. कारण साधं आहे. वर्डची फाइल प्रत्येक मशीनवर नव्यानं मांडली जाते. तिथे तुमचा फाँट नसेल तर दुसरा येतो, ओळी सरकतात, दोन पानांची तीन होतात. दुसरं असं की वर्ड उघडलं की तुमच्या नावाखाली, गावाच्या नावाखाली, शाळेच्या नावाखाली लाल वेडीवाकडी रेघ येते, कारण इंग्रजी शब्दकोशाला ते शब्द माहीत नसतात. वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत चार चुका असल्याचा भास होतो. पीडीएफमध्ये ही रेघ येत नाही.

वर्डमध्ये `File`, मग `Save As`, आणि प्रकार `PDF`. गुगल डॉक्समध्ये `File`, `Download`, `PDF Document`. एवढंच करायचंय. प्रिंट काढून, तिचे फोटो घेऊन, मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपनं पीडीएफ बनवू नका. अशी फाइल म्हणजे चित्र असतं. अक्षरं पुसट, कडेला टेबलाची सावली, खाली ॲपचा शिक्का, आणि आकार इतका मोठा की पोर्टल नाकारतं. मार्कशीटला स्कॅन लागतो, स्टेटमेंटला नाही. ओळखायची खूण अशी की पीडीएफ उघडून एक ओळ बोटानं किंवा माउसनं निवडून बघा. अक्षरं निवडली गेली तर फाइल खरी आहे, सगळं पान चित्रासारखं हललं तर ती स्कॅन आहे.

पीडीएफ करण्यापूर्वी आणखी एक काम. तुमची फाइल मामूनं, चाचानं, ट्यूशनच्या सरांनी, सगळ्यांनी तपासलेली असते. त्यांनी सुचवलेले बदल आणि बाजूचे शेरे फाइलमध्ये तसेच असतील तर ते पीडीएफमध्येही छापले जाऊ शकतात. "हे वाक्य कमजोर आहे" असा शेरा प्राध्यापकानं वाचावा असं तुम्हाला नक्कीच वाटणार नाही. `Review` मध्ये जाऊन `Accept All Changes` करा आणि सगळे शेरे पुसा. नुसतं दिसेनासं करून भागत नाही.

आणि वर्डच्या `File` मधल्या `Info` मध्ये उजवीकडे `Title` आणि `Author` असे दोन रकाने असतात. मोठ्या भावाची जुनी फाइल घेऊन तिच्यावर स्वतःचं लिहिलं असेल, तर त्या रकान्यांत भावाचं नाव राहतं. ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली की वरच्या टॅबवर अनेकदा फाइलचं नाव दिसत नाही, हे टायटल दिसतं. आत तुमचं स्टेटमेंट आणि वर दुसऱ्याचं नाव, यावरून वाचणाऱ्यानं काय समजायचं? सायबर कॅफेत टाइप केलं असेल तर दुकानाचं नाव लेखक म्हणून सापडतं. दोन्ही रकाने स्वतःच्या नावानं भरा.

फाइलला नाव काय द्यायचं

`final.pdf`, `final2.pdf`, `SOP new latest (1).pdf` ही नावं आम्ही दरवर्षी बघतो. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली फाइल फोनमध्ये अनेकदा अशी दिसते:

```
DOC-20241203-WA0007.pdf
```

यातून ती कुणाची, कशाची, काहीच कळत नाही. नावात तीन गोष्टी हव्यात, आडनाव, नाव आणि कागदाचा प्रकार. एखाद्या काल्पनिक सना शेखची फाइल अशी असेल:

```
Shaikh_Sana_SOP_MPH.pdf
```

शब्दांमध्ये स्पेसऐवजी अंडरस्कोअर द्या. देवनागरी किंवा उर्दू अक्षरं, अवतरणचिन्हं, टक्क्याची खूण, तिरपी रेघ फाइलच्या नावात नको. काही पोर्टल अशी फाइल घेतच नाहीत, काही घेतात आणि नावाचा चुराडा करतात. पोर्टलनं स्वतःचा साचा सांगितला असेल तर अर्थातच तोच.

नावाच्या स्पेलिंगचा मुद्दा आपल्या घरांत जास्त महत्त्वाचा आहे. एकाच मुलाचं आडनाव दहावीच्या मार्कशीटवर `Shaikh`, आधारवर `Sheikh` आणि कॉलेजात `Shekh` असतं. `Mohammed` कुठे पूर्ण, कुठे `Mohd`, कुठे `Md`. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा असतो. ऑनलाइन अर्जात पासपोर्टप्रमाणे जे स्पेलिंग भरलं तेच स्टेटमेंटच्या पहिल्या ओळीत, दुसऱ्या पानाच्या वर आणि फाइलच्या नावात असलं पाहिजे. इतर कागदांवरचा फरक वेगळ्या पद्धतीनं, प्रतिज्ञापत्रानं वगैरे सांभाळावा लागतो, पण तुमच्याच हातात असलेल्या कागदावर तरी तिसरं स्पेलिंग येऊ देऊ नका.

विद्यापीठाचं नाव फाइलच्या नावात घालावं का, यावर आमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांमध्येच दोन मतं आहेत. आम्हाला विचाराल तर घालू नये. प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा फोल्डर करा आणि त्या फोल्डरमध्ये ही एकाच नावाची फाइल ठेवा. सात ठिकाणी अर्ज करताना एका विद्यापीठाची फाइल दुसऱ्याला जाण्याचा धोका असतोच. मजकुरात आत कुठे जुन्या विद्यापीठाचं नाव राहिलं असेल तर ते फाइलच्या नावानं सापडणार नाही. त्यासाठी पीडीएफमध्ये `Ctrl+F` दाबून बाकीच्या सहाही विद्यापीठांची नावं एकेक करून शोधा. पाच मिनिटं लागतात.

जिथे फाइल लागतच नाही

हे सगळं अपलोड करायच्या फाइलबद्दल झालं. इंग्लंडमध्ये पदवीसाठी युकासमधून अर्ज करणाऱ्यांना फाइल द्यायची नसते, मजकूर थेट पोर्टलच्या चौकटीत टाकायचा असतो. 2026 च्या प्रवेशापासून तिथे एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत. तिन्ही उत्तरं मिळून स्पेससकट 4000 अक्षरांची मर्यादा, आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं. तिथे फाँट, ठळक अक्षर, तिरपं अक्षर काहीच टिकत नाही. अनेक स्कॉलरशिपच्या अर्जांतही अशाच चौकटी असतात. अशा ठिकाणी मजकूर आधी नोटपॅडसारख्या साध्या ठिकाणी पेस्ट करून बघा, म्हणजे फॉरमॅट गेल्यावर उरतं काय ते कळतं. परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ सोडली की पुरे.

फाइल अपलोड झाली की बहुतेक पोर्टलवर अर्ज पाठवण्यापूर्वी तो पूर्ण कसा दिसतो ते बघायची सोय असते. ती नक्की वापरा आणि शक्यतो दुसऱ्या मशीनवर, म्हणजे लॅपटॉपवर लिहिलं असेल तर फोनवर उघडा. पानं मोजा, दोन असतील तर दोनच दिसली पाहिजेत. पहिल्या पानावरचं नाव अर्जातल्या नावाशी ताडून बघा. शेवटच्या पानाचा शेवटचा शब्द वाचा, तो कापला तर गेला नाही ना? स्टेटमेंटच्या जागी सीव्ही तर गेला नाही ना? हे शेवटचं काम घरातल्या अशा माणसाकडून करून घ्या ज्यानं फाइल आधी कधीच पाहिलेली नाही. धाकट्या बहिणीला इंग्रजी कमी येत असलं तरी पूर्णविराम डावीकडे पडलेला तिला लगेच दिसतो.